एका प्लाझमिडची आठ वर्तुळं: दिष्ट आलेखातल्या बंद फेऱ्या मोजून सुटलेलं प्रकरण

पार्श्वभूमी

एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून आमच्या गटाकडे ई. कोलाय जिवाणूचा एक नमुना आला. त्याच्यात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारं एक प्लाझमिड होतं. प्लाझमिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज वेगळा असलेला डीएनएचा छोटा गोल. नमुन्याचा डीएनए इलुमिना यंत्रावर वाचलेला होता. दीडशे-दीडशे अक्षरांचे जोडवाचन असलेले तुकडे होते आणि एका जोडीची दोन टोकं साधारण चारशे अक्षरांच्या अंतरावर होती.

या तुकड्यांवरून पूर्ण गोल पुन्हा रचायचा होता. प्लाझमिडमध्ये काही मजकूर जसाच्या तसा पुन्हा पुन्हा येतो आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. आमच्या नमुन्यात अशा तीन गोष्टी होत्या. `IS26` हा ८२० अक्षरांचा उडता घटक तीनदा आला होता. `IS1` हा ७६८ अक्षरांचा घटक दोनदा आणि `ISEcp1` हा १६५६ अक्षरांचा घटकही दोनदा आला होता. तिन्ही घटक चारशेपेक्षा लांब असल्यामुळे कुठलीही वाचन-जोडी त्यांच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला पोचत नव्हती. घटकाच्या आत कोणता तुकडा शिरतो आणि बाहेर कोणते तुकडे पडतात एवढं दिसत होतं, पण आत शिरलेला कोणता तुकडा बाहेर कोणत्या तुकड्याला जोडलेला आहे हे दिसत नव्हतं.

पुढच्या सोयीसाठी `IS26` ला अ, `IS1` ला ब आणि `ISEcp1` ला क म्हणू. या पुनरावृत्त घटकांच्या मधले, एकदाच येणारे मजकुराचे पट्टे सात होते. पट्टा १ अ कडून ब कडे जातो. पट्टे २ आणि ३ ब कडून अ कडे येतात. पट्टे ४ आणि ५ अ कडून क कडे जातात. पट्टा ६ क कडून ब कडे आणि पट्टा ७ क कडून अ कडे जातो. तीन बिंदू आणि सात बाण, असा हा दिष्ट आलेख. डीएनएचा पूर्ण गोल म्हणजे या आलेखात प्रत्येक बाण नेमका एकदा वापरून सुरुवातीच्या जागी परत येणारी फेरी. अशा फेरीला ऑयलर फेरी म्हणतात.

अडचण

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना एक साधा प्रश्न पडला होता. पट्टा ७ मध्ये `blaCTX-M-15` हे जनुक होतं आणि पट्टा ४ मध्ये `aac(6')-Ib-cr` हे दुसरं प्रतिकार-जनुक. ही दोन एकमेकांच्या शेजारी, म्हणजे मध्ये फक्त क ची एक प्रत ठेवून आहेत का, हे त्यांना हवं होतं. शेजारी असतील तर ती एकत्र दुसऱ्या प्लाझमिडवर उडी मारण्याची शक्यता वाढते.

गटातल्या विद्यार्थिनीने दोन वेगवेगळ्या आज्ञावली चालवल्या आणि दोन वेगवेगळे गोल मिळाले. पहिलीने पट्ट्यांचा क्रम दिला १, २, ४, ७, ५, ६, ३. दुसरीने दिला १, ३, ४, ६, २, ५, ७. पहिल्या गोलात ४ नंतर लगेच ७ येतो, म्हणजे जनुकं शेजारी. दुसऱ्यात ४ नंतर ६ येतो, म्हणजे नाहीत.

"सर, दोन्हीतलं बरोबर कुठलं, हे कसं ठरवायचं?" असं तिने विचारलं. दोन्ही गोल उपलब्ध तुकड्यांशी पूर्णपणे जुळत होते, चूक अशी कुठल्याच आज्ञावलीची नव्हती. मला मात्र तिच्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटला. अशा जुळणाऱ्या गोलांची एकूण संख्या किती? ती दोनच असेल तर काम एका चाचणीचं होतं. ती दोनशे असेल तर त्या दोघांतून निवड करणंच निरर्थक होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता आंतरराष्ट्रीय संग्रहातलं एखादं जवळचं प्लाझमिड घ्यायचं आणि त्याचा क्रम प्रमाण मानायचा. हा मला सुरुवातीपासून नको होता. `IS26` मुळे अगदी जवळच्या नात्यातल्या प्लाझमिडमध्येही पट्ट्यांची अदलाबदल झालेली असते. जे शोधायचं तेच गृहीत धरल्यासारखं झालं असतं.

दुसरा पर्याय होता हजारो अक्षरं सलग वाचणारं लांब-वाचन यंत्र. ते तिन्ही घटक सहज ओलांडतं आणि अशा प्रकरणात पहिला विचार त्याचाच करावा. पण मूळ जिवाणू-संवर्धन नंतर जगलं नाही आणि हातात शिल्लक होता तो थोडासा जुना डीएनए. लांब वाचनाच्या तयारीला तो अपुरा होता.

तिसरा पर्याय म्हणजे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती वाढवण्याची रीत. ही वाढ जिथून सुरू होते तिथे चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला प्रायमर म्हणतात. घटकाच्या एका बाजूच्या पट्ट्यात एक प्रायमर आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यात दुसरा ठेवायचा. ते दोन पट्टे खरोखर त्याच प्रतीने जोडलेले असतील तरच तुकडा वाढतो. याला डीएनए कमी लागतो. पण सगळ्या जोड्या तपासायच्या तर अ पाशी तीन येणारे आणि तीन जाणारे म्हणून ९, ब पाशी ४ आणि क पाशी ४, अशा १७ अभिक्रिया झाल्या असत्या. डीएनए तेवढ्याला पुरेल याची खात्री नव्हती, आणि एखादी फसली तर ती पुन्हा लावायला काहीच उरलं नसतं.

म्हणून ठरलं की आधी मोजायचं, मग मोजणीवरून कमीत कमी आणि नेमक्या चाचण्या निवडायच्या.

मोजणीआधी घातलेली एक अट

या मोजणीचं सूत्र दोन जोड्यांनी मिळून घडवलं आहे. सेड्रिक स्मिथ आणि विल्यम टट यांनी १९४१ मध्ये प्रत्येक बिंदूत दोन बाण येतात आणि दोन जातात अशा आलेखांसाठी ते दिलं. तात्याना व्हॅन आर्डेन-एरेनफेस्ट आणि निकोलास डी ब्रॉइन यांनी १९५१ मध्ये ते सर्वसाधारण केलं. चौघांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळवून त्याला बेस्ट प्रमेय म्हणतात. सूत्र असं:

```
ec(G) = t_w(G) * PRODUCT over v of (deg(v) - 1)!
```

यात `ec(G)` म्हणजे ऑयलर फेऱ्यांची संख्या. `deg(v)` म्हणजे बिंदूतून बाहेर जाणाऱ्या बाणांची संख्या आणि `t_w(G)` म्हणजे `w` या बिंदूकडे नेणाऱ्या वृक्षांची, म्हणजे बाकीच्या प्रत्येक बिंदूतून एकेक बाण निवडून सगळे `w` ला पोचतील अशा निवडींची, संख्या. ही दुसरी संख्या निश्चयकातून मिळते. बाहेर जाणाऱ्या बाणांची संख्या कर्णावर लिहायची, `u` कडून `v` कडे जाणारे बाण असतील तेवढी ऋण संख्या त्या जागी लिहायची, मग `w` ची ओळ आणि स्तंभ काढून उरलेल्या चौकटीचा निश्चयक घ्यायचा. दिष्ट आलेखांसाठी ही निश्चयकाची वाट टट यांनी १९४८ मध्ये दाखवली.

सूत्राची एक अट आहे. प्रत्येक बिंदूत येणारे आणि तिथून जाणारे बाण समान हवेत, आणि आलेख जोडलेला हवा. ही अट सूत्र स्वतः तपासत नाही. आमच्या पहिल्या आलेखाने ती पाळली नव्हती आणि या प्रकरणातलं पहिलं वळण तिथेच आलं.

विद्यार्थिनीने आज्ञावलीच्या फाइलमधून घेतलेल्या पहिल्या आलेखात सहाच बाण होते. पट्टा ६ जेमतेम २४० अक्षरांचा होता आणि पाचशेपेक्षा लहान तुकडे गाळण्याच्या नेहमीच्या पायरीत तो उडाला होता. त्यामुळे ब मधून दोन बाण निघत होते पण येत होता एकच. क मध्ये दोन येत होते आणि निघत होता एकच. त्या आलेखाचे तीन निश्चयक असे आले: अ काढला तर २, ब काढला तर १, क काढला तर ४.

समतोल आलेखात कुठलाही बिंदू काढला तरी निश्चयक एकच यायला हवा, कारण तिथे ओळींची बेरीजही शून्य असते आणि स्तंभांचीही. तीन ठिकाणी तीन उत्तरं आली की आलेखातच गोम आहे हे कळतं. पुष्कळ जण एकच बिंदू काढून एकच निश्चयक काढतात. अ काढून कुणी पुढे गेलं असतं तर त्याला २ गुणिले २! म्हणजे ४ हे उत्तर मिळालं असतं आणि ते अगदी रास्त दिसलं असतं. प्रत्यक्षात त्या सहा बाणांच्या आलेखात बंद फेरी एकही नाही. क काढणाऱ्याला ८ मिळाले असते, आणि हे तर पूर्ण आलेखाचंच उत्तर आहे. कारण उघड आहे: क ची ओळ आणि स्तंभ काढल्यावर क मधून निघणारा बाण हरवलाय की नाही, हे उरलेल्या चौकटीत दिसतच नाही. उत्तर बरोबर आणि ज्या आलेखावरून काढलं तो चुकीचा, अशी ही अवस्था पकडायला सगळ्यात कठीण.

आम्ही गाळणी काढून आलेख पुन्हा घेतला. पट्टा ६ परत आला. मग वाचनाची खोली पाहिली, म्हणजे एकेक अक्षर सरासरी किती तुकड्यांत आलं ते. सातही पट्ट्यांवर ती साधारण ६० होती, अ वर १८० च्या आसपास, ब आणि क वर १२० च्या आसपास. म्हणजे तीन, दोन, दोन प्रती. या तिन्ही घटकांची गुणसूत्रावर एकही प्रत नव्हती, हेही पाहून घेतलं. ती असती तर खोलीवरून काढलेला हा हिशेब फिसकटला असता.

मोजणी

दुरुस्त आलेखाची चौकट आणि तिचे निश्चयक:

```python
from sympy import Matrix
L = Matrix([[ 3, -1, -2],
            [-2,  2,  0],
            [-1, -1,  2]])
print([L.minor(i, i) for i in range(3)])   # [4, 4, 4]
```

तिन्ही निश्चयक ४. आता क्रमगुणितं: अ साठी (३−१)! म्हणजे २, ब आणि क साठी प्रत्येकी (२−१)! म्हणजे १. एकूण ४ × २ × १ × १ = ८. उपलब्ध तुकड्यांशी जुळणारे गोल आठ.

हे सूत्र नुसतं लावून मोकळं व्हायचं नव्हतं. आठ हा आकडा हाताने पडताळता येण्याइतका लहान होता, म्हणून पडताळला. पट्टा १ ने सुरुवात करू. प्रत्येक फेरीत तो एकदाच येतो, त्यामुळे तिथून सुरू केलं की एकच गोल वेगवेगळ्या जागांपासून पुन्हा पुन्हा मोजला जात नाही.

अ सोडून बाकीच्या प्रत्येक बिंदूला एकच प्रश्न विचारायचा: फेरीत तुझ्यातून शेवटचं बाहेर पडणं कोणत्या बाणाने झालं? ब चं उत्तर २ किंवा ३. क चं उत्तर ६ किंवा ७. हे शेवटचे बाण मिळून नेहमी अ कडे नेणारा वृक्ष होतो. त्यांच्यात गोल तयार होऊच शकत नाही, कारण तसा झाला तर त्या गोलातल्या बिंदूंवरून फेरी अ कडे परतलीच नसती. आपल्याकडे ब साठी दोन आणि क साठी दोन, असे चार वृक्ष होतात. निश्चयकाने सांगितलेले ४ म्हणजे हेच चार.

आता एक वृक्ष धरू: ब मधून शेवटी ३, क मधून शेवटी ६. मग ब मधून आधी २ जाणार हे ठरलं, क मधून आधी ७ जाणार हेही ठरलं. अ मधून १ ने सुरुवात झालीच आहे, उरले ४ आणि ५, त्यांचा क्रम आपल्या हातात. ४ आधी घेतला तर फेरी होते १, २, ४, ७, ५, ६, ३. ५ आधी घेतला तर १, २, ५, ७, ४, ६, ३. दोन्ही पूर्ण होतात, कुठेही अडकत नाहीत. प्रत्येक बिंदूवर एक बाण शेवटासाठी राखून ठेवला की बाकीचे हव्या त्या क्रमाने वापरता येतात. सूत्रात `deg(v)` मधून एक वजा होतो तो या राखून ठेवलेल्या बाणामुळे. अ वर तो एक सुरुवातीच्या बाणाचा.

उरलेल्या तीन वृक्षांतून आणखी सहा मिळतात आणि एकूण आठ भरतात. त्यात ४ नंतर ७ येणारे गोल चार, न येणारे चार. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाबाबत हाती असलेल्या तुकड्यांत काहीच माहिती नव्हती. अमुक बाजूला कल आहे असंही म्हणता येत नव्हतं.

बैठकीत एकाने विचारलं, निश्चयकाचा खटाटोप कशाला, प्रत्येक बिंदूवर येणाऱ्याची जाणाऱ्याशी जोडी लावायचे प्रकार मोजले की झालं. ते प्रकार ३! × २! × २! म्हणजे २४. पण यातल्या पुष्कळ जोडण्या एक गोल देतच नाहीत, दोन किंवा तीन सुटे गोल देतात. उदाहरणार्थ, ब पाशी १ ला २ जोडला आणि अ पाशी २ ला १ जोडला की हे दोघं आपसातच फिरत राहतात आणि बाकीचे पाच पट्टे बाहेर पडतात. २४ मधले आठच एकसंध आहेत. ही छाननी निश्चयक करतो आणि ती नुसत्या बाणांच्या संख्यांवरून करता येत नाही, कोण कोणाला जोडलंय हे त्यात यावंच लागतं.

चाचण्यांची निवड

आठ म्हणजे दोनचा तिसरा घात. हो किंवा नाही असंच उत्तर देणाऱ्या चाचण्यांनी आठ शक्यतांतून एक खात्रीने निवडायची तर तीनपेक्षा कमी प्रश्नांत ते जमणार नाही. तिनांत जमेल का, हे मात्र प्रश्न कोणते निवडतो यावर होतं.

माझा पहिला कल अ पासून सुरू करण्याकडे होता, कारण तिथेच सर्वात जास्त गुंता होता. आठही गोल कागदावर मांडल्यावर विचार बदलला. अ पाशी जोडण्या सहा प्रकारच्या आहेत, त्यातल्या दोन प्रकारांत अ पूर्ण उलगडूनही दोन-दोन गोल शिल्लक राहतात. म्हणजे अ उलगडण्यात दोन प्रश्न खर्चून पुन्हा तिसरा लागू शकतो, आणि मॅडमचं उत्तर शेवटपर्यंत लटकतं. क पासून सुरू केलं तर पहिल्याच प्रश्नात आठाचे चार होतात आणि मॅडमना हवं ते तिथेच मिळतं. मग ब पाशी चाराचे दोन. उरलेल्या दोन गोलांत फरक फक्त अ पाशी असतो, तिथे एक प्रश्न पुरतो. तीन प्रश्न, आणि कामाचं उत्तर सर्वात आधी.

प्रत्येक प्रश्नासाठी दोन अभिक्रिया लावायच्या ठरल्या. उदाहरणार्थ, क साठी ४ ते ७ आणि ४ ते ६. एक वाढली आणि दुसरी नाही, तरच उत्तर ग्राह्य धरायचं. नुसत्या एका अभिक्रियेत वाढलेल्या तुकड्याची पट्टी न दिसणं हे जोडी नसल्याचं लक्षण असू शकतं, तसंच प्रायमर न चालल्याचंही. सतरांऐवजी सहा अभिक्रियांत काम होणार होतं.

प्रत्यक्ष काय झालं

क च्या चाचणीत ४–७ ची पट्टी अपेक्षेप्रमाणे दोन हजार अक्षरांच्या जवळ ठळक आली. पण ४–६ च्या रकान्यातही त्याच उंचीला एक फिकट पट्टी दिसली. दोन्ही जोड्यांच्या मध्ये क ची तीच १६५६ अक्षरं असल्यामुळे लांबीवरून खरं-खोटं ओळखता येत नव्हतं.

इथे दोन शक्यता होत्या. एक, नमुन्यातच दोन प्रकारची प्लाझमिडं मिसळलेली आहेत, कारण एकाच दिशेने असलेल्या प्रतींमध्ये पेशीत पुनर्संयोग होऊन गोल बदलू शकतो. दोन, ही पीसीआरचीच करामत आहे. अर्धवट वाढलेला धागा पुढच्या फेरीत क च्या दुसऱ्या प्रतीवर चिकटतो आणि तिथून पुढे वाढतो, त्यामुळे नसलेली जोडी तयार होते. लांब पुनरावृत्त घटकांतून पीसीआर करताना हे हमखास होतं.

मॅडमनी ३५ आवर्तनांऐवजी २५ आवर्तनं घेतली आणि वाढीचा वेळ वाढवला, म्हणजे धागे अर्धवट राहणार नाहीत. फिकट पट्टी गेली, ठळक पट्टी राहिली. मिश्रण खरं असतं तर दोन्ही पट्ट्या आपापल्या प्रमाणात उतरतील, एकच गायब होणार नाही, अशी अपेक्षा होती. या निर्णयाने दोन अभिक्रियांचा डीएनए जास्तीचा गेला, पण तो माझ्या मते योग्य खर्च होता.

ब पाशी १–२ आलं, १–३ आलं नाही. आता उरले दोनच गोल: १, २, ५, ६, ३, ४, ७ आणि १, २, ४, ७, ५, ६, ३. अ पाशी २–५ आणि २–४ लावलं. २–५ आलं. खात्रीसाठी चौथा स्वतंत्र प्रश्नही विचारला. पहिला गोल खरा असेल तर अ पाशी ७–१ जोडी हवी, दुसरा असेल तर ३–१. ७–१ आली.

निष्पत्ती

खरा क्रम ठरला १, २, ५, ६, ३, ४, ७. दोन्ही प्रतिकार-जनुकं शेजारी आहेत, मध्ये फक्त `ISEcp1` ची एक प्रत.

सुरुवातीला आज्ञावलींनी दिलेल्या दोन गोलांपैकी एकही खरा नव्हता. पहिलीने क आणि ब पाशी बरोबर जोड्या लावल्या होत्या पण अ पाशी चुकली होती. मॅडमच्या प्रश्नापुरतं तिचं उत्तर बरोबर निघालं, बाकीची मांडणी नाही. त्या दोघींत कौल घेऊन एक निवडली असती, तर चुकीचा पूर्ण गोल अहवालात गेला असता. आम्ही अहवालात गोलाबरोबर आठ ही संख्या आणि तो कसा एकावर आणला तेही लिहिलं. वाचणाऱ्याला कुठला भाग वाचनांतून आलाय आणि कुठला पीसीआरमधून, हे कळायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

येणारे आणि जाणारे बाण समान आहेत का ही तपासणी निश्चयकाच्या आधी, आज्ञावलीतच घालायला हवी होती. तीन वेगळे निश्चयक येऊन चूक कळणं हा लांबचा रस्ता. आता आम्ही दोन्ही करतो: आधी संख्या जुळवतो आणि मग सगळ्या बिंदूंचे निश्चयक पूर्णांकांतच काढतो. मोठ्या आलेखांत दशांश अपूर्णांकांनी काढलेला निश्चयक शेवटच्या अंकांत घसरतो, आणि मग दोन निश्चयकांतला फरक खरा की गणनेतला, हे कळत नाही.

पट्टे एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, हे आम्ही गृहीत धरलं होतं आणि इथे ते खरं होतं. पण २ आणि ३ हे पट्टे अक्षरशः सारखे असते, तर त्यांची अदलाबदल केल्याने नवा गोल मिळाला नसता. आठाला २! ने भागून चारच उरले असते. सारख्या बाणांच्या प्रत्येक गटासाठी असं भागता येतं, पण आलेखात निदान एक तरी बाण एकमेव असेल तरच डोळे झाकून. सगळेच बाण दोन-दोनदा येत असतील, तर गोल फिरवून स्वतःवरच बसण्याची शक्यता येते आणि साधा भागाकार चुकतो.

सर्वात मोठी मर्यादा दिशेची आहे. आमच्या नमुन्यात तिन्ही घटकांच्या सगळ्या प्रती एकाच दिशेने होत्या, म्हणून दिष्ट आलेख चालला. हे फाइलमधल्या जोडण्यांची `+` आणि `-` चिन्हं पाहून आधीच खात्री करून घेतलं होतं. त्याच रुग्णालयाच्या पुढच्या नमुन्यात `IS26` ची एक प्रत उलटी निघाली. उलट्या प्रतीतून गेलं की पुढचा पट्टा उलट्या बाजूने वाचला जातो, मग बाणाला ठरलेली दिशाच राहत नाही आणि हे सूत्र लागू पडत नाही. दिशा नसलेल्या आलेखांत ऑयलर फेऱ्या मोजणं तर मुळातच अवघड गणलं जातं. ग्रॅहम ब्राइटवेल आणि पीटर विंकलर यांनी २००५ मध्ये दाखवलं की ती समस्या मोजणीच्या सर्वात कठीण वर्गातली आहे, म्हणजे सगळ्या आलेखांवर झटपट चालणारी अशी रीत तिथे अपेक्षित नाही. त्या नमुन्यात बिंदू थोडेच होते, त्यामुळे शक्यता एकेक करून मोजता आल्या. मॅडमनी मात्र या वेळी संवर्धन जिवंत असतानाच भरपूर डीएनए काढून ठेवला आणि तो लांब वाचनासाठी पाठवला.